परीक्षेत वाढीव वेळ मागणारा मेल

आपल्या गटांमधल्या बायका आता कितीतरी परीक्षांना बसू लागल्या आहेत. कुणी बँकेचं काम गावात करायला प्रमाणपत्र घेते, कुणी संगणकाचा कोर्स करते, कुणी शिवणाच्या नाहीतर ब्युटी पार्लरच्या कौशल्याची परीक्षा देते. परीक्षा घेणारी संस्था मुंबईत, पुण्यात, नाहीतर दिल्लीत. फॉर्म ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, हॉल तिकीटही ऑनलाइन. अडचण सांगायला खिडकी नाही आणि खिडकीमागे बसलेला साहेबही नाही. सांगायचं ते मेलने. आज आम्ही त्याच मेलबद्दल बोलणार आहोत. हात, डोळा, पाय किंवा आणखी काही कारणाने ज्यांना परीक्षेत सवलत हवी आहे, त्यांनी तो कसा लिहायचा हे एका मेलवरूनच सांगतो. तो आमच्या गटातल्या एका ताईसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला होता.

ताईंचं नाव सांगत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. लग्नाआधी माहेरी कडबा कुट्टी यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट गेलं. बारावी शिकलेल्या आहेत. डाव्या हाताने सही करतात, भाकरी थापतात, मोबाइल चालवतात. गटाचे हिशेब गेली काही वर्षं त्यांच्याकडेच आहेत. त्यांची परीक्षा संगणकावरची होती, १०० प्रश्न आणि २ तास वेळ. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, बरोबर असेल त्यावर माउसने टिचकी मारायची.

त्यांचा भाचा कॉलेजात आहे. त्याने पहिला मसुदा भराभर टाइप करून दिला: ‘माझी मावशी अपंग आहे, अत्यंत गरीब आहे, तरी तिला लेखनिक देऊन उपकृत करावे.’ पोराची माया खरी होती. पण ताईंनी तो वाचला आणि विचारलं, ‘लेखनिक कशाला? मला वाचता येतं, उत्तरही येतं. दुसऱ्याला सांगत बसण्यापेक्षा माझं मी दाबीन. डाव्या हाताने वेळ लागतो एवढंच.’

इथेच आमचा निम्मा मेल तयार झाला. सवलत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर लेखनिकच येतो, म्हणजे आपण सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. पण लेखनिक ही एक सवलत झाली, एकमेव नव्हे. म्हणून मेल लिहिण्याआधी घरी बसून एकदा परीक्षा देऊन पाहावी. आम्ही तेच केलं. ग्रामपंचायतीच्या संगणकावर सरावाचे २० प्रश्न लावले आणि घड्याळ घेऊन बसलो. माउस उजवीकडे होता. ताईंना डावा हात अंगावरून पलीकडे न्यावा लागत होता आणि बाण भलतीकडेच जात होता. २० प्रश्नांना ३५ मिनिटं लागली. मग माउस डावीकडे ठेवला, तेव्हा ३० मिनिटं लागली. ३० मिनिटांना २० प्रश्न, म्हणजे १०० प्रश्नांना १५० मिनिटं. परीक्षा १२० मिनिटांची. नेमकं काय मागायचं ते या आकड्यांनी सांगितलं: माउस डावीकडे आणि वेळ जास्त. लेखनिक नको.

आता तेव्हाचा नियम काय म्हणत होता ते पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. परीक्षा कशा घ्याव्यात याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारच्या दिव्यांग विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढल्या. ज्यांच्याकडे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला आहे, त्यांच्यासाठी त्या होत्या. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जास्त द्यायची असं त्यात होतं. लेखनिक न घेणाऱ्यालाही ३ तासांच्या परीक्षेला किमान १ तास वाढवून देता येत होता, म्हणजे हिशेब तोच झाला. दोन तासांच्या परीक्षेला ४० मिनिटं. १२० आणि ४० मिळून १६०. ताईंना लागणार होती १५०. बसलं.

लेखनिक न मागण्याचा आणखी एक फायदा झाला. तो कागदपत्रांचा आहे, म्हणून नीट ऐका. त्या सूचनांनुसार लेखनिक मागायचा असेल तर अंध व्यक्ती, दोन्ही हातांना बाधा असलेली व्यक्ती आणि सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती यांना तो मागितल्यावर मिळायला हवा होता. बाकीच्यांना टक्केवारीच्या दाखल्याशिवाय आणखी एक कागद लागत होता. सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांनी ठरलेल्या नमुन्यात लिहून द्यायचं होतं की या व्यक्तीला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे आणि लेखनिक आवश्यक आहे. ताईंचा एकच हात बाधित होता, म्हणजे हा दुसरा कागद लागला असता. पुष्कळजणींचा अर्ज इथेच अडतो. त्या टक्केवारीचा दाखला जोडतात आणि तेवढ्यावर काम होईल असं समजतात. पण त्या दाखल्यावर फक्त हाताला ४५ टक्के बाधा असं लिहिलेलं असतं. लिहिता येतं की नाही याबद्दल त्यावर एक अक्षर नसतं. म्हणून ज्यांना खरोखर लेखनिक लागणार आहे, त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरायच्या आठवड्यातच सिव्हिल हॉस्पिटलची फेरी मारावी. नमुना छापून सोबत न्यावा. नमुना नसला की डॉक्टर त्यांच्या पद्धतीने चार ओळी लिहून देतात आणि तो कागद परत येतो. लेखनिक आपणच आणणार असू तर त्याचं हमीपत्रही वेगळं द्यावं लागतं. त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा किती कमी असावं याचीही अट असते. ती वेळोवेळी बदलत आली आहे, तेव्हा त्या वर्षीचं त्या संस्थेचं माहितीपत्रक पाहूनच माणूस ठरवावा. नाहीतर पदवीधर पुतणीला तयार करून न्यायचं आणि तिला दारातूनच परत पाठवलं जायचं.

ताईंना वेळच हवी होती, त्यामुळे ४० टक्क्यांच्या वरचा दाखला पुरेसा होता. दाखला होता, ४५ टक्क्यांचा. पण तो बाहेर काढला तेव्हा त्यावर नाव माहेरचं. परीक्षेच्या फॉर्मवर नाव सासरचं. मेल वाचणारा माणूस आपल्या गावचा नसतो. त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका. कार्यालयात बसलेला माणूस अशा वेळी मेल बाजूला ठेवतो, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला घेतला आणि तो जोडला. तुमच्या दाखल्यावरही नाव पाहा, आडनाव पाहा. तो कायमचा आहे की ठरावीक मुदतीचा तेही पाहा. मुदतीचा दाखला संपलेला असेल तर नूतनीकरण आधी, मेल नंतर. युडीआयडी कार्ड असेल तर त्याचा क्रमांक मेलमध्ये जरूर टाका. तो क्रमांक देशभर चालतो.

मेल कुठून पाठवायचा? फॉर्म भरताना जो पत्ता दिला होता, त्याच पत्त्यावरून. आपल्याकडे फॉर्म सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरतात आणि पुष्कळदा तिथला मुलगा स्वतःचाच मेल पत्ता टाकून मोकळा होतो. मग संस्थेचं उत्तर येतं, पण येतं त्या मुलाच्या मोबाइलवर, आणि तो शेकडो मेलमधून आपला मेल काढून देईल ही आशा धरू नये. फॉर्म भरण्याआधी स्वतःचा पत्ता काढा. पासवर्ड गटाच्या वहीत नको, घरच्या वहीत लिहून ठेवा.

आता मेलच. आम्ही पाठवला तो असा. क्रमांक आणि नावं तेवढी काढून टाकली आहेत.

विषय: नोंदणी क्रमांक (इथे क्रमांक): दिव्यांग परीक्षार्थी, ४० मिनिटं वाढीव वेळ व डावीकडे माउस मिळण्याबाबत

परीक्षा विभाग प्रमुख यांस,

मी आपल्या संगणकीय परीक्षेसाठी अर्ज केला आहे. माझ्या उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मधलं बोट नाही. मी माउस फक्त डाव्या हाताने चालवू शकते. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला मला जास्त वेळ लागतो. वाचण्याची किंवा समजण्याची मला अडचण नाही. मला लेखनिक नको आहे.

माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. २ तासांच्या परीक्षेसाठी ४० मिनिटं वाढीव वेळ मिळावी, म्हणजे एकूण १६० मिनिटं. माउस संगणकाच्या डाव्या बाजूला ठेवता येईल अशी जागा मिळावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक तपासून पाहू द्यावा.

केंद्र सरकारच्या दिव्यांग विभागाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही विनंती करत आहे. अर्ज भरताना दिव्यांग असल्याची नोंद केलेली आहे.

सोबत जोडलं आहे: दिव्यांगत्वाचा दाखला (४५ टक्के, कायम), युडीआयडी कार्ड, आधार कार्ड, विवाह नोंदणी दाखला. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर माझं लग्नाआधीचं नाव आहे, म्हणून विवाह दाखला जोडला आहे.

माझी परीक्षा या तारखेला आहे (इथे तारीख). केंद्राला आपली सूचना वेळेत पोचावी म्हणून पुढच्या ७ दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती.

खाली नाव, नोंदणी क्रमांक आणि मोबाइल क्रमांक. एवढाच मेल. छापला तर एक पान होत नाही.

यात गरिबी नाही, अपघाताची कहाणी नाही, ‘उपकृत करावे’ नाही, याकडे लक्ष द्या. आमच्यातल्या एकीचं म्हणणं होतं की दोन ओळी दुःखाच्या घातल्या तर माणसाला पाझर फुटेल. आम्हाला ते पटलं नाही. मेल वाचणाऱ्याला फक्त तीन गोष्टी शोधायच्या असतात: ही कोण, हिला काय हवं, पुरावा कुठे. बाकीचं त्याला ओलांडून जावं लागतं. शिवाय कहाणी लांबली की मागणी शेवटी जाते आणि मोबाइलवर वाचणारा तिथपर्यंत पोचतच नाही. आजाराचं नावसुद्धा तेवढं महत्त्वाचं नाही. त्या हाताने, त्या डोळ्याने परीक्षेत नेमकं काय करता येत नाही, ते लिहायचं. ज्या ताईला कमी दिसतं तिने फक्त ‘दृष्टिदोष आहे’ असं लिहू नये. ‘पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी केली तर वाचता येतात’ असं लिहावं. पायाने अधू असलेलीने ‘जिना चढता येत नाही, तळमजल्यावर जागा हवी’ असं लिहावं. तळमजल्याला प्राधान्य द्यावं हे त्याच २०१८ च्या सूचनांमध्ये होतं.

आमची ताई नोंदणीकृत मराठी संस्थेकडे अर्ज करत होती, म्हणून मेल मराठीत गेला. संस्था दुसऱ्या राज्यात असेल तर हाच मजकूर सोप्या हिंदीत लिहावा. फुलवलेली इंग्रजी कुणाकडून लिहून घेऊ नये. खाली सही आपली असते आणि फोन आला तर उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.

कागद जोडताना एक काम उजेडात करा. मोबाइलने फोटो काढताना दाखला सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, शिक्का आणि क्रमांक वाचता आला पाहिजे. आमच्या पहिल्या फोटोत अंगठ्याची सावली नेमकी टक्केवारीवर पडली होती. मोबाइलमधल्या स्कॅनच्या अ‍ॅपने पीडीएफ करा आणि फाइलला नाव द्या, जसं ‘दिव्यांग दाखला’. नुसते लांबलचक आकडे असलेल्या चार फाइली गेल्या की समोरच्याला प्रत्येक उघडून पाहावी लागते. दाखल्याला दोन बाजू असतील तर दोन्ही द्या.

वेळेचं म्हणाल तर हॉल तिकिटाची वाट पाहायची नाही. हॉल तिकीट परीक्षेच्या तोंडावर येतं. तोवर कुठल्या केंद्रावर कोण बसणार हे ठरलेलं असतं आणि संगणकात प्रत्येकीची वेळ भरलेली असते. फॉर्म भरताना दिव्यांग असल्याच्या चौकोनात खूण करायची आणि त्याच दिवशी मेल पाठवायचा. चौकोनातल्या खुणेवर विसंबू नये. त्या खुणेने फक्त नोंद होते. काय हवं हे कुणाला कळत नाही.

आमच्या मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आपली विनंती नोंदवली आहे.’ ताई खूश झाल्या. पण हे उत्तर म्हणजे पोच. परवानगी नव्हे. मेल मिळाला की यंत्रच असं उत्तर पाठवतं. परवानगीच्या उत्तरात मिनिटं लिहिलेली असतात, निदान ‘मंजूर’ हा शब्द असतो. सात दिवस झाले तरी तसं काही आलं नाही, तेव्हा त्याच मेलला ‘उत्तर द्या’ दाबून दोन ओळी लिहिल्या: ‘माझ्या या तारखेच्या मेलवर निर्णय कळावा. परीक्षेला १८ दिवस राहिले आहेत.’ नवा मेल काढला नाही. नवा काढला की कागद पुन्हा जोडावे लागतात आणि तिकडे दोन वेगळ्या तक्रारी होऊन बसतात. दुसऱ्या दिवशी मदत क्रमांकावर फोनही केला आणि मेलची तारीख सांगितली. बोलणाऱ्या मुलीने नोंदणी क्रमांक विचारला, मेल उघडला आणि विवाह दाखला पाहून ‘हो, नावाचं जुळलं’ म्हणाली. चार दिवसांनी उत्तर आलं: ४० मिनिटं वाढीव वेळ मंजूर, केंद्राला कळवलं आहे, आदल्या दिवशी दुपारी केंद्रावर जाऊन संगणक पाहू शकता.

ते उत्तर छापून घेतलं, दोन प्रती. आदल्या दिवशी आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर एसटीने तालुक्याला गेल्या. आदल्या दिवशीची फेरी म्हणजे उगीच खर्च, असं घरच्यांना वाटत होतं. पण तिथे दोन गोष्टी सापडल्या. माउसची वायर आखूड होती आणि डावीकडे पोचतच नव्हती. केंद्रावरच्या सरांनी लगेच दुसरी जागा दिली, तिथली वायर लांब होती. एकाने चांगल्या मनाने माउसची बटणं उलटी करून दिली, डावखुऱ्यांसाठी करतात तशी. ताईंनी ती पुन्हा सरळ करायला लावली. त्यांनी घरी सराव केला होता तो सरळ बटणांवर. ज्या सवयीने सराव झाला असेल तीच परीक्षेत ठेवावी.

दुसरी गोष्ट मोठी होती. सरांनी नमुन्याची परीक्षा उघडून दाखवली, तर पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ १२० मिनिटं दाखवत होतं. ताईंनी छापलेलं उत्तर पुढे केलं. सर म्हणाले, नमुन्यात सगळ्यांनाच १२० दिसतं, उद्या बरोबर येईल. येईलही, पण आला नाही तर? संगणकावरच्या परीक्षेत वेळ संपली की पडदा आपोआप बंद होतो. समोर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला कितीही वाटलं तरी त्याला तोंडी वेळ वाढवून देता येत नाही. ती मिनिटं मुख्य यंत्रणेत आधी भरलेली असावी लागतात. म्हणून ताईंनी सरांना तिथूनच संस्थेला फोन करायची विनंती केली. सरांनी केला. यादीत ताईंच्या नावासमोर १६० आहे असं पलीकडून कळलं आणि मगच त्या तिघी परत निघाल्या.

परीक्षेच्या दिवशी ‘सुरू करा’ दाबण्याआधी ताईंनी घड्याळ पाहिलं. १६० होतं. १२० दिसलं असतं तर काय करायचं तेही आम्ही ठरवून ठेवलं होतं: बटण दाबायचं नाही, हात वर करायचा, कागद दाखवायचा. एकदा दाबलं की घड्याळ पळू लागतं आणि वाद घालण्यातही आपलीच मिनिटं जातात. ताईंनी सगळे प्रश्न सोडवले तेव्हा ११ मिनिटं उरली होती. म्हणजे १४९ मिनिटं लागली. वाढीव वेळ नसती तर शेवटचे वीस-एक प्रश्न पाहताही आले नसते, उत्तरं येत असून.

ज्यांच्या दाखल्यावर ४० पेक्षा कमी टक्के आहेत त्या विचारतील, आमचं काय? त्यांनाही दार बंद नाही. विकास कुमार नावाच्या परीक्षार्थीला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला, तर तू ४० टक्क्यांत बसत नाहीस असं सांगून नकार मिळाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की ४० टक्क्यांची अट लावून अशा माणसाला लेखनिक नाकारता येत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी सरकारने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असून लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यांनी मेलमध्ये सध्या लागू असलेल्या सूचना लिहायच्या आणि सरकारी डॉक्टरांचा, त्या सूचनांसोबतच्या नमुन्यातला दाखला जोडायचा. २०२२ च्या सूचनांनुसार हा दाखला सरकारी डॉक्टरांची समिती देत असे आणि समितीचे अध्यक्ष सिव्हिल सर्जन किंवा त्या पदाचे अधिकारी असत. या दाखल्यात टक्क्यांपेक्षा लिहिण्याची अडचण महत्त्वाची असते.

संस्थेने नकार दिला तर नकाराचं कारण लेखी मागा, मेलवरच. त्या संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी असेल तर सगळी मेलची साखळी त्याच्याकडे पुढे पाठवा. त्याच्यावर महाराष्ट्रात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, पुण्याला. केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थेसाठी दिल्लीला मुख्य आयुक्त आहेत. पण पहिल्याच मेलमध्ये आयुक्तांचं नाव घालून धाक दाखवू नये. खासगी कंपन्यांच्या प्रमाणपत्रांना हे सगळे सरकारी नियम जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. तिथे आपली विनंती साधी, नेमकी आणि पुराव्यासह असणं हेच आपलं बळ. आणि सरकारी संस्थेतही मेल वाचणाऱ्याला आपण पहिल्या ओळीतच भांडायला उभ्या आहोत असं वाटायचं काही कारण नाही.

शेवटी तारीख बदलण्याबद्दल, कारण तेही खूपजणी विचारतात. बाळंतपण जवळ आलंय, ऑपरेशन ठरलंय, घरात मयत झालीय. ही मागणी वेगळी आणि तिचा मेलही वेगळा. सवलतीच्या मेलमध्ये ती घालू नका. दोन मागण्या दोन टेबलांवर जातात आणि एकाने उत्तर दिलं की दुसरी मागणी तिथेच राहते. तारीख बदलून देणं हे पुष्कळदा संस्थेच्या स्वतःच्या नियमावर असतं. काहींचा नियम असतो की इतके दिवस आधी कळवलं तर पुढच्या फेरीला बसता येतं, काही ठिकाणी पुन्हा फी भरावी लागते. म्हणून आधी माहितीपत्रकातला तो भाग वाचा आणि मेलमध्ये प्रश्न सरळ विचारा: ‘माझी प्रसूती डॉक्टरांनी या तारखेच्या सुमाराला सांगितली आहे. परीक्षा या तारखेला आहे. मला पुढच्या फेरीला बसता येईल का, आणि भरलेली फी त्या फेरीला धरली जाईल का?’ सोबत डॉक्टरांचं पत्र, त्यावर अपेक्षित तारीख स्पष्ट लिहिलेली. फाइल पूर्ण नको, सोनोग्राफीचे फोटोही नकोत.

परीक्षा होऊन गेल्यावर पाठवलेला मेल या बाबतीत जवळजवळ वाया जातो. तिकडे तुमच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडलेलं असतं आणि ते पुसायला फार खटपट लागते. आदल्या रात्री कळा सुरू झाल्या तरी नवऱ्याने किंवा सासूबाईंनी दोन ओळी त्याच मेल पत्त्यावरून पाठवाव्यात, नोंदणी क्रमांक घालून. कागद मागाहून जोडता येतो. म्हणून तो क्रमांक आणि तो पासवर्ड घरात आणखी एका माणसाला माहीत असू द्या.